बोरी उजव्या तीरावर कशी गेली?

गेल्या हिवाळ्यात एम.ए. भूगोलाच्या सेमिनारसाठी आमच्या चौघांच्या गटाला विषय मिळाला होता, तापी खोऱ्यातल्या नद्या. चौदा स्लाइड झाल्या. रात्री अकराला फाइल वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि काम संपलं म्हणून झोपलो. सकाळी कॉलेजच्या पायरीवर आमचा एक वर्गमित्र लॅपटॉप मांडीवर घेऊन, एका कानात इअरफोन घालून बसलेला दिसला. तो अमळनेरकडचा. उजव्या डोळ्याने त्याला काहीच दिसत नाही. डाव्याने रंग कळतात, आकार कळतात, अक्षर मोठं आणि ठळक असेल तर अगदी जवळ धरून चार-पाच मिनिटं वाचता येतं, मग डोळा दुखायला लागतो. बाकीचं सगळं वाचन तो एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर करतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो.

मला पाहताच त्याने विचारलं, "बोरी उजव्या तीरावर कशी रे? बोरी तर आमच्या अमळनेरातून जाते. ती दक्षिणेकडून येऊन तापीला मिळते."

मी म्हटलं, असं आम्ही कुठे लिहिलंय? त्याने काही न बोलता इअरफोन माझ्या हातात दिला आणि सहावी स्लाइड परत वाचायला लावली. आवाज म्हणाला: अनेर, अरुणावती, गोमाई. मग म्हणाला: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. मग: डावा तीर. मग: उजवा तीर. आणि सगळ्यात शेवटी: तापीच्या उपनद्या.

पडद्यावर ती स्लाइड अगदी व्यवस्थित होती. वर मथळा, डावीकडे 'डावा तीर' आणि त्याखाली पूर्णेपासून पांझरेपर्यंत पाच नद्या, उजवीकडे 'उजवा तीर' आणि त्याखाली तीन. डोळ्यांना चुकीचं काही सापडलं नसतं. कानाला मात्र आधी तीन नद्या मिळाल्या, मग पाच, मग 'डावा', मग 'उजवा'. कोणीही शहाणा माणूस पहिली यादी पहिल्या नावाला जोडणार आणि दुसरी दुसऱ्याला. त्यानेही तेच केलं. बोरी त्याच्या गावची म्हणून त्याला खटकली. गोमाई आणि वाघूरबद्दल खटकायचं काहीच कारण नव्हतं. ते त्याने तसंच वहीत उतरवून घेतलं असतं आणि परीक्षेत लिहिलंही असतं.

त्या सकाळपासून माझं एक मत झालं आहे आणि ते मी इथे मांडतो आहे. न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या वर्गमित्राला वाचता येईल अशी स्लाइड करणं ही मेहेरबानी म्हणून करायची गोष्ट नाही. आम्ही त्याला अपुरी माहिती दिली नव्हती, चुकीचा भूगोल दिला होता. सेमिनारमध्ये गिरणा उजव्या तीरावर दाखवणाऱ्याचे गुण जर कापले जातात, तर ऐकणाऱ्याला गिरणा उजव्या तीरावर सांगणारी स्लाइड करणाऱ्याचेही कापले गेले पाहिजेत. दोन्ही चुका विषयाच्याच आहेत.

असं का होतं, ते कळलं की चूक कोणाची हेही कळतं. पॉवरपॉइंट स्लाइडवरच्या वस्तू त्या कुठे ठेवल्या आहेत यावरून वाचून दाखवत नाही, त्या कोणत्या क्रमाने टाकल्या यावरून वाचून दाखवतो. आमची सहावी स्लाइड कोऱ्या पानावर तयार झाली होती. एकाने रात्री आधी सातपुड्याकडच्या नद्यांची चौकट टाकली, कारण त्याला त्या पाठ होत्या. मग दक्षिणेकडच्या. मग लक्षात आलं की वर नावं हवीत, म्हणून 'डावा तीर' आणि 'उजवा तीर' अशा दोन छोट्या चौकटी आल्या. सगळ्यात शेवटी दुसऱ्याने मथळा सजवून बसवला. आमच्या कामाचा जो क्रम होता तोच फाइलमध्ये राहिला आणि त्याच क्रमाने तो त्या मित्राच्या कानात शिरला.

हे तपासायला स्क्रीन रीडरही लागत नाही. स्लाइडवर एकदा क्लिक करून Esc दाबायचं आणि मग Tab दाबत जायचं. निवडीची चौकट एका वस्तूवरून दुसरीवर उडी मारत जाते, तोच वाचनाचा क्रम. मथळ्याआधी भलतीकडे उडी गेली की समजायचं. आमच्या चौदांपैकी नऊ स्लाइडवर ती भलतीकडे गेली.

दुरुस्त करायला बसलो तेव्हा मी आणखी एक चूक केली, ती सांगतो, कारण ती बहुतेक जण करतील. Alt आणि F10 दाबलं की Selection Pane उघडतो, त्यात स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची नावं एकाखाली एक येतात. मी मथळा सगळ्यात वर नेला, त्याखाली डावा तीर, त्याखाली त्याच्या नद्या, असं छान लावून फाइल परत पाठवली. पाच मिनिटांत त्याचा फोन. आता सगळं उलटं वाचतंय. त्या यादीत सगळ्यात खालची वस्तू आधी वाचली जाते आणि सगळ्यात वरची शेवटी. ती यादी मुळात कोणती वस्तू कोणावर चढली आहे हे दाखवण्यासाठी आहे, आणि तळातली वस्तू आधी टाकलेली असते. नवीन आवृत्त्यांमध्ये Review मधल्या Check Accessibility खाली Reading Order Pane नावाची वेगळी यादी मिळते, ती मात्र वरून खाली वाचली जाते. दोन याद्या, दोन उलट दिशा. म्हणून यादीवर भरवसा न ठेवता शेवटी Tab दाबून बघायचंच.

पण खरा उपाय दुरुस्तीत नाही. नवीन स्लाइड घेताना कोरी न घेता तयार मांडणी घ्यायची. आमच्या सहाव्या स्लाइडसाठी Comparison नावाची मांडणी आयतीच होती. वर मथळ्याची जागा, खाली दोन नावांच्या जागा, त्याखाली दोन याद्यांच्या. मजकूर त्या जागांत भरला की क्रम आपोआप बरोबर राहतो. भरला की नाही हे View मधल्या Outline View मध्ये दिसतं. तिथे स्लाइडसमोर मथळा आणि मजकूर दिसला तर ठीक, नुसता स्लाइडचा आकडा दिसला तर सगळा मजकूर सुट्या चौकटींत लटकलेला आहे. आमच्या फाइलमध्ये चौदांपैकी अकरा आकडे नुसतेच होते. त्या मित्राला मथळ्यांवरून मथळ्यांवर जात फाइल चाळायची सवय आहे, जशी आपण पानं भरभर उलटतो. आमच्या फाइलमध्ये त्याला चाळायला काही नव्हतंच.

आता लोक म्हणतात ते बघू. आमच्याच वर्गातल्या एकाने म्हटलं आणि एका सरांनीही मान डोलावली: एवढं कशाला, बाजूला बसणारा वाचून दाखवेल की. हे प्रेमाने म्हटलं गेलं होतं, मला ते नाकारायचं नाही. खानदेशात माणूस माणसाला हात देतो, एसटीत चढवून देतो, फॉर्म भरून देतो. पण वाचून दाखवणारा काय वाचायचं ते स्वतः ठरवतो. तो तळटीप गाळतो, तक्त्याच्या दोन ओळी वगळतो, 'इथे नकाशा आहे' म्हणून पुढे जातो. ऐकणाऱ्याला मागे जायचं असेल तर विनंती करावी लागते. तिसऱ्यांदा विनंती करताना कोणीही संकोचतो. आणि सेमिनारच्या आदल्या रात्री एकट्याने वाचून प्रश्न काढायचा असेल, तर रात्री अकराला बाजूला कोणी नसतं. बोरीचा प्रश्न त्याने विचारला कारण फाइल त्याच्या हातात होती, आवाज त्याच्या ताब्यात होता, आणि तो ती स्लाइड चार वेळा फिरवून ऐकू शकला. मी वाचून दाखवली असती तर मी डोळ्यांनी पाहून बरोबर वाचली असती, आणि आमची फाइल चुकीची आहे हे कोणालाच कळलं नसतं.

क्रम लागल्यावर राहिली चित्रं. सातव्या स्लाइडवर तापी खोऱ्याचा नकाशा होता, सगळ्या सेमिनारचा गाभा तोच. तिथे पोचल्यावर त्याचा लॅपटॉप म्हणाला, Picture 7. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आठे काय शे, भो?"

इथे काय आहे. इतका साधा प्रश्न, पण उत्तर द्यायला मला पंधरा मिनिटं लागली. चित्रावर उजवं क्लिक केलं की Alt Text चा पर्याय येतो, तिथे चित्राचं वर्णन लिहायचं, स्क्रीन रीडर ते वाचतो. मी पहिल्यांदा लिहिलं, 'तापी खोऱ्याचा नकाशा'. तो म्हणाला, हे तर मथळ्यातच आहे. मग मी उलट टोक गाठलं. मुलताईला उगम, मग मध्य प्रदेश, मग महाराष्ट्र, प्रत्येक नदी, प्रत्येक गाव, हतनूर, उकाई, सुरत, सगळं एका दमात. ते ऐकायला त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागली. मध्ये थांबता येईना, मागे जाता येईना, कारण ते वर्णन एकसलग वाचलं जातं. तो म्हणाला, एवढं लिहिलंस, पण हा नकाशा तू इथे का लावलास ते सांगितलंच नाहीस.

त्याच्या त्या प्रश्नातच सगळं आलं. नकाशा आम्ही एका गोष्टीसाठी लावला होता: दक्षिणेकडच्या उपनद्या लांब आहेत, उत्तरेकडच्या आखूड, कारण सातपुडा नदीला खेटून आहे आणि दक्षिणेकडे सह्याद्री आणि अजिंठ्याचे डोंगर लांब आहेत. वर्गात बोलताना मी नकाशावर बोट फिरवून हेच सांगणार होतो. मग शेवटी वर्णन असं झालं:

'तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी आणि पांझरा या लांब उपनद्या मिळतात. उत्तरेकडून सातपुड्यातून येणाऱ्या अनेर, अरुणावती, गोमाई आखूड आहेत, कारण डोंगर नदीच्या जवळ आहे.'

तीन वाक्यं. गावं, धरणं आणि संगम यांचा तपशील खाली नोट्समध्ये लिहिला, तिथे तो ओळीओळीने मागेपुढे जाऊ शकतो. स्लाइड शो चालू असताना एनव्हीडीएमध्ये Ctrl, Shift आणि S दाबलं की स्लाइडवरून नोट्सवर जाता येतं. हे मला त्यानेच शिकवलं. पहिल्या स्लाइडवरचा केळीच्या बागेचा फोटो नुसता शोभेचा होता, त्याला Mark as decorative अशी खूण केली, म्हणजे स्क्रीन रीडर त्यावर अडखळत नाही. पण तोच फोटो जर गिरणेच्या कालव्यावरचं केळीचं क्षेत्र दाखवायला वापरला असता तर त्याला वर्णन लागलं असतं. चित्र तेच, काम वेगळं, म्हणून वर्णनही वेगळं. त्यामुळेच हे काम ऑफिसातल्या क्लार्ककडे किंवा 'कॉम्प्युटर येणाऱ्या' ज्युनिअरकडे देता येत नाही. चित्र का लावलं हे फक्त लावणाऱ्याला माहीत असतं.

पर्जन्यमानाचा तक्ता आम्ही पुस्तकातून फोटो काढून चिकटवला होता. त्याला वर्णन लिहायचा प्रयत्नही मी सोडून दिला. आकड्यांचा तक्ता वर्णनात कोंबला तर ऐकणाऱ्याला कोणता आकडा कोणत्या तालुक्याचा हे कळत नाही. तो परत टाइप करून खरा तक्ता केला, वरच्या ओळीला Header Row ची खूण ठेवली, म्हणजे कोणत्या रकान्यात आपण आहोत हे आवाज सांगू शकतो. वीस मिनिटं गेली, पण त्यात आम्ही आधी वाचलेला एक आकडा चुकीचा उतरवला होता हेही सापडलं.

आणि काही गोष्टी शब्दांत बसत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. गिरणा कशी वळते, नाशिक जिल्ह्यातून पूर्वेला येऊन मग उत्तरेला तापीकडे कशी फिरते, हे तीन वाक्यांत सांगून त्याच्या मनात आकार उभा राहिला नाही. मग आमच्यातल्या एकाने पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून तापी केली, बारीक दोऱ्याने उपनद्या केल्या, संगमाच्या जागी गाठ मारली आणि अमळनेरच्या जागी एक मणी शिवला. त्या मित्राने बोट पूर्णेच्या गाठीपासून, म्हणजे चांगदेवपासून, पश्चिमेकडे सरकवत नेलं आणि बोरीच्या गाठीपाशी थांबून दक्षिणेला वळवलं, मण्यापर्यंत. त्याला हे कोणत्याही वर्णनापेक्षा पटकन कळलं. स्लाइडला मर्यादा आहे, ती असते तिथे सुतळी लागते.

मराठीत एक अडचण अशी आहे जी इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि आपल्याकडे ती सगळीकडे आहे. दहाव्या स्लाइडवरचा मजकूर आम्ही एका जुन्या नोट्सच्या फाइलमधून उचलला होता. ती कृतिदेव फॉन्टमध्ये होती. पडद्यावर स्वच्छ 'तापी' दिसत होतं. पण आत, फाइलमध्ये, त्या जागी rkih अशी चार इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा वेष घालतो. स्क्रीन रीडरला वेष दिसत नाही, अक्षरं दिसतात. त्याने ती संपूर्ण स्लाइड अर्थहीन इंग्रजी आवाजात वाचली. त्या मित्राने सांगितलं, मला वर्षभरात मिळालेल्या बऱ्याच नोट्स अशाच येतात, मी त्या न उघडताच बाजूला ठेवतो. ओळखायची रीत सोपी आहे: मजकूर निवडून फॉन्ट बदलून बघायचा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवायचा. तिथे rkih दिसलं तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी त्यांत नीट येतेच असं नाही, म्हणून नंतर वाचून घ्यावं लागतं. युनिकोडमध्ये आणल्यावर Review मधल्या Language खाली Set Proofing Language मध्ये त्या मजकुराची भाषा मराठी ठरवायची, म्हणजे आवाजही मराठीकडे वळू शकतो. पॉवरपॉइंटची स्वतःची तपासणी ही चूक दाखवत नाही. तिच्या लेखी तो साधा इंग्रजी मजकूर असतो. वर्णनाच्या जागी मी नुसतं 'तापी खोऱ्याचा नकाशा' लिहिलं होतं तेव्हाही ती काही बोलली नाही. वर्णन आहे की नाही एवढंच तिला कळतं, त्यात अर्थ आहे की नाही हे कळत नाही.

रंगांबद्दल मात्र आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो. खानदेशचा विषय म्हणून पांढऱ्यावर केळीच्या पिवळ्या रंगाचे मथळे, आणि नद्यांच्या निळ्या पट्टीवर लाल अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक मोजायची एक ठरलेली पद्धत आहे. सारखेच रंग असतील तर 1, काळं-पांढरं असेल तर 21. वेब मजकुराच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांना किमान 3 हवं असं धरलं आहे, आणि मोठं म्हणजे 18 पॉइंटपासून पुढे, ठळक असेल तर 14 पासून. मोजून पाहिलं तर आमच्या शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्यावर आकडा आला 1.07, म्हणजे जवळजवळ कोरा कागद. निळ्यावरच्या लालचा 2.15. ते लाल अक्षर मला झगझगीत दिसत होतं, कारण रंग वेगळा होता, पण उजळपणा जवळपास सारखाच. त्याच्या डाव्या डोळ्याला ती नुसती जांभळट पट्टी दिसत होती.

पिवळा सोडायची गरज नव्हती. तोच पिवळा काळ्या अक्षरांखाली घातला तर आकडा 19.56 होतो. काळ्यावर पिवळी अक्षरं काढली तरी तेवढाच. गणिताला दोन्ही सारखे, त्याच्या डोळ्याला नाहीत. भडक पिवळी पार्श्वभूमी त्याला चमकते, डोळ्यात पाणी येतं. काळ्यावर पिवळं तो बराच वेळ वाचू शकला. दुसऱ्या एखाद्याला नेमकं उलट हवं असेल. आकडा खालची हद्द सांगतो, वरचं विचारूनच ठरवावं लागतं. शिवाय आमच्या वर्गाच्या खिडक्यांना पडदे नाहीत. प्रोजेक्टरच्या पडद्यावर दुपारचं ऊन पडलं की लॅपटॉपवर 4.5 असणारं अक्षर तिथे तेवढं उठत नाही, आणि देवनागरीत आधी अनुस्वार आणि बारीक मात्रा जातात. म्हणून आम्ही मजकूर 28 पॉइंटच्या खाली नेला नाही आणि बारीक रेघांचा फॉन्ट टाळला. याचा फायदा शेवटच्या बाकावरच्या सगळ्यांना झाला, पण मला तो मुद्दा पुढे करायचा नाही. त्या एकाला वाचता यावं हे कारण पुरेसं आहे.

आता नियमाबद्दल. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायला सांगतो, आणि शिक्षण संस्थांनी त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी असंही सांगतो. जागा मिळते, प्रवेश होतो, फीमध्ये सवलत मिळते. मग वर्गात फाइल येते आणि ती वाचता येत नाही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना या कायद्याखालचा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला. कारण हे की कायद्याला सुगम्यता बंधनकारक हवी आहे आणि नियमाने तिचं शिफारशींत रूपांतर केलं होतं. तो निकाल स्लाइडबद्दल नाही, पण त्यातली भूमिका मला आमच्या वर्गालाही लागू वाटते. 'शक्य असल्यास स्लाइड सुलभ कराव्यात' अशी सूचना फळ्यावर लावली तर सेमिनारच्या आदल्या रात्री ते कधीच शक्य नसतं.

म्हणून मी आमच्या विभागाला लेखी सुचवलं आहे. सेमिनारच्या वीस गुणांपैकी तीन यासाठी ठेवा. संदर्भसूची नसेल तर गुण कापता, मथळा नसलेल्या स्लाइडला कापा. फाइल दोन दिवस आधी आणि मूळ स्वरूपात ग्रुपवर आली पाहिजे. पडद्याचे फोटो नकोत, कारण फोटोत वर्णन, क्रम, मजकूर काहीच उरत नाही. पीडीएफ करायचीच असेल तर Save As मधून, Options खालची Document structure tags for accessibility ही खूण ठेवून करावी. प्रिंट करून पीडीएफ केली तर तो सांगाडा जातो. तपासणाऱ्या सरांना वेगळं प्रशिक्षण लागत नाही, प्रत्येक फाइलमधल्या कोणत्याही दोन स्लाइडवर Tab दाबून बघितलं आणि एका चित्राचं वर्णन वाचलं तरी कळतं.

याला एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. सर म्हणाले, दोन वर्षांनी असा विद्यार्थी वर्गात नसेल, तेव्हा एकवीस मुलांनी हे कोणासाठी करायचं? मला यावर एवढंच म्हणायचं आहे की दुरुस्तीला आणि मुळात नीट करायला लागणारा वेळ सारखा नाही. आमची चौदा स्लाइडची फाइल दुरुस्त करायला चौघांचे अडीच तास गेले. पुढच्या सत्रातली फाइल तयार मांडणीत, युनिकोडमध्ये, चित्र लावतानाच वर्णन लिहून केली, तेव्हा जास्तीची वीसेक मिनिटं लागली. तो विद्यार्थी प्रवेश घेईल तेव्हा शिकायला सुरुवात केली तर त्याचं पहिलं सत्र आमच्या शिकण्यात जातं. आमच्या या मित्राचं गेलं. पहिल्या सत्रात झालेल्या सेमिनारांच्या किती फाइल्स तुला वाचता आल्या, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, दोन. दोन्ही इंग्रजीत होत्या आणि दोन्हींत चित्रं नव्हती.

दुसरा आक्षेप सरांच्या स्वतःच्या स्लाइडबद्दल होता. तो त्यांनीच काढला. गेल्या दहा वर्षांच्या नोट्स कृतिदेवमध्ये आहेत, त्या सगळ्या कोण बदलणार? सगळ्या बदलाव्यात असं मी म्हणत नाही. या सत्रात शिकवायच्या आहेत तेवढ्या, आणि तेही फक्त मजकूर आधी, चित्रं नंतर. आम्ही चौघांनी दोन प्रकरणं करून दिली आहेत. रफार तपासायचं काम तो मित्रच करतो, कारण चुकलेला रफार त्याच्या कानाला लगेच लागतो. 'पर्जन्य'चं 'पजर्न्य' झालं की तो हात वर करतो.

गुणांचा प्रस्ताव विभागाच्या पुढच्या बैठकीत ठेवला जाणार आहे. तोवर पुढच्या गटाला, त्यांचा विषय उकाईच्या जलाशयाचा नंदुरबारमधला भाग आहे, मी एवढंच सांगितलं की फाइल रविवारपर्यंत ग्रुपवर टाका. काल त्यांनी टाकली. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला, चौथ्या स्लाइडवर क्रम चुकलाय आणि आलेखाला वर्णन नाही, बाकी ठीक. त्याखाली त्याने सेमिनारमध्ये विचारायचे तीन प्रश्नही लिहिले होते.